एक जूनच्या आत शिवून मिळेल

घाटकोपरच्या भटवाडीत दत्ताराम टेलरचं दुकान होतं आणि टेकडीवरच्या निम्म्या मुलांचा जून महिना त्या दुकानातून बाहेर पडत असे. पांढरे शर्ट, निळ्या हाफपँटी, मुलींचे निळे पिनाफोर. शाळा उघडायच्या दिवशी सकाळी दत्ताराम दुकानाच्या पायरीवर उभा राही आणि आपण शिवलेली शाळा चढावरून वर जाताना बघे. कडक इस्त्रीची, दोन बोटं सैल, वाढत्या अंगाची. एवढं बघून झालं की तो आत जाऊन झोपे, कारण त्याआधीचा सगळा मे महिना तो जागा असे.

थोडक्यात, दत्तारामला मे महिना नव्हता.

कोकणातल्या माणसाला मे महिना नसणं हा काय प्रकार आहे, हे देशावरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. चाकरमानी मुंबईत अकरा महिने राहतो तो बारावा येणार म्हणून. मे उजाडला की दत्तारामच्या खोलीतली सगळी गाववाली मंडळी ट्रंका आणि पिशव्या घेऊन कुडाळच्या गाडीला लागत. त्या खोलीत एरवी आठ पुरुष आळीपाळीनं झोपत. मे महिन्यात ती खोली एकट्या दत्तारामची असे. मुंबईत अख्खी खोली एकट्याला मिळणं याला लोक नशीब म्हणतात. दत्ताराम दुकानातच झोपे.

गावाला त्याची बायको होती. रुक्मिणी. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि त्यातली दोन वर्षंही जेमतेम त्यांनी एका छपराखाली काढली असतील. ती मुंबईला का येत नव्हती? तर शेत होतं, दोन गुरं होती, आणि सासरे होते. सासरे अंथरुणाला खिळलेले नव्हते, पण अंथरूण सोडतही नव्हते. शिवाय मुंबईला येऊन राहायचं कुठे? आठ पुरुषांत नववी म्हणून?

गणपतीला दत्ताराम पाच दिवस गावी जाई. पण गणपतीत घर असं भरलेलं असे, की नवराबायकोचं संभाषण ‘खोबरां किसून झालां काय’ याच्या पुढे सरकत नसे. मागच्या गणपतीत निघायच्या दिवशी पहाटे रुक्मिणी त्याला आंघोळीचं पाणी काढून देत होती. आजूबाजूला चुकून कोणी नव्हतं. ती घंगाळाकडे बघत म्हणाली, “मे महिन्यात सगळ्यांचे घोव येतत. माझो मनिऑर्डरीन येता.”

रागावून म्हणाली असती तर दत्तारामनं उत्तर दिलं असतं. ती नुसतं पाणी कडत आहे का बघावं तशी म्हणाली. दत्ताराम म्हणाला, “ह्या मे महिन्यात मी येतंय.”

बोलून तर बसला. मग मार्च आला, आणि मार्चबरोबर शाळेची चिठ्ठी.

शाळेचे क्लार्क नंदकिशोरभाऊ मोठे नियमाचे. गणवेशाच्या शिलाईसाठी तीन कोटेशनं हवीत, बंद पाकिटात, असा नियम होता, आणि तो मोडणं त्यांना मुळीच खपत नसे. म्हणून दरवर्षी ते दत्तारामला निरोप धाडत, ‘तुमचं कोटेशन घेऊन या, आणि येताना सोबतची दोन घेऊन या.’ सोबतची म्हणजे जरा चढ्या दराची. दत्ताराम इतर टेलरांकडून ती आणून देई, पाकिटं रीतसर फोडली जात, तक्ता रीतसर मांडला जाई, सगळ्यांत कमी दर रीतसर दत्तारामचा निघे. उद्या दुसऱ्या एखाद्या शाळेला कोटेशन लागलं तर दत्तारामही त्या टेलरांना चढ्या दराचा कागद देई. यात कोणाला लबाडी वाटत नसे. लग्नात करवली असते, तशी ही सोबत.

यंदा दत्तारामनं सरळ नाही का म्हटलं नाही, असं कोणी विचारील. पण शाळेला ज्यानं एकदा नाही म्हटलं, त्याला पुढच्या वर्षी चिठ्ठी येत नाही. आणि या एका कामावर त्याचं दुकान वर्षभर उभं होतं. तेव्हा नाही म्हणायचं नाही, नुसतं हरायचं. हरलेल्याला पुढल्या वर्षी पुन्हा बोलावतात. रीतसर हरलेल्याला तर मानानं बोलावतात.

त्यानं कोटेशन लिहायला घेतलं. कापड शाळेचं, दोरा, बटणं, काज, इस्त्री टेलरची. शर्ट छातीच्या मापानं, बाविसापासून चौतिसापर्यंत, दोन-दोन इंचांनी चढत. हाफपँट आणि पिनाफोर लांबीवर. किती मुलांना कोणतं माप लागेल हे एप्रिलात परीक्षा झाल्यावर मापं घेतली की ठरायचं. म्हणून दर प्रत्येक मापाचा वेगळा, नगावर. मागच्या वर्षी सगळ्यांत लहान शर्टाची शिलाई सात रुपये होती आणि पुढच्या प्रत्येक मापाला आठ आणे चढत होती. दत्तारामनं सुरुवातच दहापासून केली. मग आठ आणे चढवायच्या ठिकाणी बारा आणे चढवले. चौतिसाच्या शर्टाशी पोचला तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली. हाफपँटीच्या कमरेत आणि पिनाफोरच्या खाली दोन इंच दाब मोडून ठेवू, हे मात्र त्यानं दरवर्षीसारखंच लिहिलं. काम आपलं नाही म्हणून मुलांनी वाढू नये की काय. शेवटी मुदत: ‘सर्व माल इयत्तावार गठ्ठे बांधून एक जूनच्या आत शिवून मिळेल. उशीर झाल्यास आठवड्याला शेकडा पाच कापून घ्यावे.’ हे वाक्य तो इतकी वर्षं लिहीत होता, की ते हातानं परस्पर लिहून टाकलं.

सोबतचा एक कागद भाऊरावचा. भाऊराव विक्रोळीला एका मशीनवर उशांचे अभ्रे शिवायचा. तो सही करून कोरं लेटरहेडच देई. दर दत्ताराम भरी. म्हणजे मनात आणलं असतं तर भाऊरावच्या कागदावर कमी दर टाकून दत्ताराम बसल्या बसल्या हरला असता. पण मग काम भाऊरावला, आणि सगळी शाळा जूनमध्ये अभ्रे घालून. दत्तारामनं भाऊरावला नेहमीप्रमाणे दोन रुपये वर चढवलं.

उरला अंबादास. पंतनगरात त्याचं दुकान होतं. पाच मशीन, आणि कारागीर सगळे नगर-बीडकडचे, मे महिन्यात हलणारे नव्हते. काम निभावून नेईल असा तोच. दत्ताराम त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, यंदा शाळेचं काम तू घे. मी दर चढवलाय, हे बघ माझे आकडे, तू मागच्या वर्षीचा टाक.

अंबादासनं मशीन थांबवलं आणि का म्हणून विचारलं.

आता इथे दत्ताराम सांगू शकला असता. पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसानं, मिशीवाल्या, दुसऱ्या मिशीवाल्या माणसाच्या दुकानात उभं राहून, कारागिरांच्या देखत, मला बायकोची आठवण येते असं सांगायचं? त्यानं डोळ्यांचं कारण सांगितलं. सुई ओवताना दिसत नाही म्हणाला. ते पुरेसं वाटेना म्हणून गुडघे घातले. मग आपण यात कुठे कमी पडतोय असं वाटून, रात्री छातीत कळ येते हेही घातलं. अंबादास ऐकत राहिला. त्यानं बायकोला, चंपावहिनींना, सांगून चहात आलं घालायला लावलं आणि काळजी करू नको, मी बघतो, असं दोनदा म्हणाला. दत्ताराम हलक्या पायांनी घरी आला. येताना त्यानं रुक्मिणीसाठी पातळाला फॉल लावायचा दोराही घेतला. रंग कोणता घ्यावा यात त्याचा अर्धा तास गेला, कारण तिच्याकडे कोणती पातळं आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यानं चार रंगांचे घेतले.

शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका नलिनीबाईंच्या खोलीत, दत्ताराम आणि अंबादाससमोर, पाकिटं फुटली. नंदकिशोरभाऊंनी तक्ता मांडला. मापं डावीकडे, टेलर वरती. भाऊराव पहिला वाचला गेला. मग दत्ताराम. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. मग अंबादासचं पाकीट फुटलं आणि नंदकिशोरभाऊ वाचू लागले: बाविसाचा शर्ट साडेदहा. चोविसाचा सव्वाअकरा.

दत्तारामला वाटलं, उन्हामुळे ऐकू कमी आलं. पण सव्वीस बारावर गेला, आणि पुढे प्रत्येक मापाला अंबादास दत्तारामच्या डोक्यावर इमानानं आठ आणे ठेवून चालला होता. वाचन संपेपर्यंत तो दत्तारामकडे बघत होता. मित्राच्या मुलाचा पहिला नंबर आल्यावर बघतात, तसा.

त्याचं काय चुकलं होतं? आजारी मित्र दारात येऊन म्हणतो, माझं काम तू घे. असं माणूस कधी म्हणतो? खचला की म्हणतो. आणि खचलेल्या मित्राच्या तोंडचं काम काढून घ्यायचं? सोबतीला आलेल्या करवलीनं मुंडावळ्या बांधून घ्यायच्या? अंबादासला रात्रभर झोप लागली नव्हती. सकाळी त्यानं दत्तारामनं सांगितलेल्या दरांवर आठ आणे चढवले आणि पाकीट चिकटवलं.

“सगळ्यांत कमी दर दत्ताराम टेलर,” नंदकिशोरभाऊंनी जाहीर केलं आणि दरवर्षीप्रमाणे त्याच्या नावाखाली लाल रेघ मारली.

बाईंनी विचारलं, एका वर्षात शिलाई इतकी कशी वाढली? पालकांना मी काय सांगू? दत्तारामला वाटलं, अजून वाट आहे. तो म्हणाला, बाई, परवडत नसेल तर अंबादासला विचारा. नंदकिशोरभाऊ म्हणाले, तसं करता येत नाही. दर कमी करायला फक्त सगळ्यांत कमीवाल्याला सांगता येतं, नियम आहे. बाई म्हणाल्या, मग दत्ताराम, तुम्हीच सांगा. इतकी वर्षं तुमचं काम बघतेय. हे दर तुमचे नाहीत. काय झालंय?

दत्ताराम डोळे म्हणणार होता. पण डोळ्यांनी, गुडघ्यांनी आणि छातीनं मिळून त्याला इथवर आणून ठेवलं होतं. त्यानं टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघितलं आणि म्हणाला, “बाई, माझी बायको गावाला असते.”

नंदकिशोरभाऊंनी हातातली लाल पेन्सिल हळूच खाली ठेवली. या वाक्याला तक्त्यात रकाना नव्हता.

“मे महिन्यात येतो म्हणून सांगून आलोय,” दत्ताराम म्हणाला. “कधी जमलं नाही.”

नलिनीबाईंनी चष्मा काढून पुसला. बाई पंचावन्नच्या, एकट्या राहणाऱ्या, मुलुंडहून येणाऱ्या. मे महिन्यातही त्या रोज शाळेत येऊन बसत, हे सगळ्या भटवाडीला माहीत होतं. शाळा बंद असताना बाई काय करतात, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “मुदत एक जूनच राहील. मुलं पहिल्या दिवशी जुन्या कपड्यांत आलेली मला चालायची नाहीत. शिलाई तुमच्या हातची असली पाहिजे असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. लिहिलंय का हो, भाऊसाहेब?”

नंदकिशोरभाऊंनी कागद उलटासुलटा करून बघितला. तसा नियम नव्हता. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं.

असं ठरलं: काम दत्तारामच्या नावावर, दर मागच्या वर्षीचेच, कटिंग दत्तारामचं, शिलाई अंबादासच्या पाच मशीनवर. जबाबदारी, मुदत आणि शेकडा पाच, सगळं दत्तारामच्या सहीखाली. हरायला आलेला माणूस दर पाडून घेऊन जिंकून बाहेर पडला.

अंबादास त्याच्याबरोबर फाटकाबाहेर आला. मग थांबला.

“बायकोची आठवण येते हे सांगायला तुला गुडघे कशाला लागले रे? मी चंपाला रात्री सांगितलं, दत्ताराम काय यंदाचा पावसाळा काढत नाही. रडली ती.”

“कारागीर होते समोर,” दत्ताराम म्हणाला.

“कारागिरांना काय बायका नाहीत?” अंबादास म्हणाला. थोडं चालल्यावर तो म्हणाला, “माझी चंपा चोवीस तास समोर असते. मला तिची आठवण काढायला वेळच मिळत नाही, यार.” हे म्हणताना तो हसला नाही.

एप्रिलात परीक्षा संपल्या. शाळेच्या व्हरांड्यात मुलं ओळीनं उभी राहिली आणि दत्तारामनं टेप लावून मापं घेतली. पोट आत ओढणाऱ्यांना सोडायला लावलं, छाती फुगवणाऱ्यांना श्वास सोडायला लावलं. कापड एप्रिलअखेर येणार होतं. कापडाच्या मंजुरीची शाळेतली सभा दोनदा लांबली, आणि मे उजाडला तरी कापड आलं नाही.

खोलीतले गाववाले एकेक करून निघाले. दत्तारामचा कारागीर गुणाजी, त्याच्याच वाडीतला, तोही ट्रंक बांधून निरोप घ्यायला आला. त्याला थांबवायचा दत्तारामला हक्क होता, पण तोंड नव्हतं.

“वहिनींका काय सांगू?” गुणाजीनं विचारलं.

“येतंय म्हणान सांग.”

“तां दरवर्षी सांगतंय, मालक. ह्या टायमाक तारीख देवा.”

दत्तारामनं तारीख दिली नाही. कापडच आलं नव्हतं, तर तारीख कुठून देणार? शाळेला देता येते, कारण शाळा ती कागदावर मागते. बायको मागत नाही. ती नुसती कोणत्या दिवसापासून वाट बघायची ते ठरवते.

कापड आलं तेव्हा मे अर्धा होत आला होता. दत्तारामनं टेबलावर थरावर थर अंथरले, खडूनं मापं आखली. मोठी मापं आधी, लहान त्यांच्या कोपऱ्यांतून. कात्री सुरू झाली ती त्यानं फक्त जेवणापुरती खाली ठेवली. मापाप्रमाणे गठ्ठे बांधून, चिठ्ठ्या लावून, तो ते हातगाडीवरून पंतनगरला पोचवत राहिला. अंबादासकडे पाचही मशीन चालत होती आणि चंपावहिनी दोन मुलींना घेऊन काज-बटणाला बसल्या होत्या. शेवटचा गठ्ठा उतरवला तेव्हा अंबादास म्हणाला, आता तोंड दाखवू नकोस. पण गठ्ठे इयत्तावार लावताना आणि शाळेत मोजून देताना दत्तारामला हजर राहणं भाग होतं. सही त्याची होती. म्हणजे तीस तारखेला परत.

कुडाळच्या गाडीत जागा नव्हतीच. अर्धा घाट त्यानं ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्याच्या पेटीवर बसून काढला. मांडीवर पिशवी, पिशवीत चार रंगांचे दोरे.

पोचला तेव्हा रुक्मिणी खळ्यात चटईवर आमसुलं वाळत घालत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. तिनं वर बघितलं. तो उभा राहिला. बेड्यापाशी, कुंपणाच्या दारात, उभा असलेला माणूस मनिऑर्डरीसारखा सही घेऊन निघून जाणार नाही, याची खात्री पटायला तिला जरा वेळ लागला.

“इलात?” ती म्हणाली.

“इलंय.”

तिनं हात धुतले, पाणी दिलं, गूळ दिला. आतून सासऱ्यांनी कोण आलंय म्हणून विचारलं. दत्ताराम, हे ऐकल्यावर आज गणपती काय असं विचारलं. रुक्मिणीनं भात टाकला. तो तिच्या पाठीकडे बघत चुलीपाशी बसून राहिला. लुगड्याचा रंग जांभळा होता. चारांतला एकही दोरा जांभळा नव्हता.

ती खूप बोलली. शेताला वई, काट्याकुट्यांचं कुंपण, घालायची राहिली होती. लाकडं भरायची होती. पाऊस यायच्या आत कौलं परतायची होती, गेल्या वर्षी देवाच्या खोलीत गळली होती. तिच्या माहेरी भावानं नवं घर बांधलं होतं, तिकडे दोघांनी मिळून जायचं होतं, शेजारणी जातात तसं. ती दिवस मांडत गेली. शाळेला गणवेश लागावेत तसे एकेका कामाला दिवस लागत होते, आणि दत्ताराम मनात बेरीज करत होता. बेरीज तीस तारखेच्या फार पुढे जात होती.

मग तिनं ताट पुढे ठेवलं आणि कोकणात आलेल्या माणसाला पहिल्यांदा विचारतात ते शेवटी विचारलं.

“कधी जातलात?”

साऱ्या शाळेला ज्यानं सहीनिशी तारीख लिहून दिली होती, त्याला एक तारीख बोलता येईना. तो भात कालवत राहिला.

“आधी कौलां परतूया,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडी लावून छपरावर चढला. खालून रुक्मिणी कौलं वर देऊ लागली. दत्तारामच्या हाताला आयुष्यभर मुदतीची सवय. हात आपोआप भरभर चालू लागले. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ते आवरले. एकेक कौल उलटून बघायचं, फडक्यानं पुसायचं, दोनदा बसवायचं, थोडं सरकवून परत बसवायचं. अंबादासच्या कारागिरानं असं काम केलं असतं तर दत्तारामनं त्याला त्या दिवशीच घरी पाठवलं असतं.

खाली रुक्मिणीच्या दोन्ही हातांत मिळून सहज चार कौलं मावली असती. ती एक देत होती. ते घेऊन तो वळला, की पुढचं उचलायच्या आधी पदरानं कपाळ टिपत वर बघत उभी राहायची.